चहाआधी उरलेले प्रश्न

शेलूबाजारच्या हमरस्त्यावर शेतकऱ्यांच्या बियाणे कंपनीचं ऑफिस आहे. पुढे दोन खोल्या, मागे गोदाम. नीलिमा तिथे सगळं लिहिण्याचं काम करते. हुद्दा कार्यालयीन सहायक, पण गावात कोणी विचारलं तर लोक सांगतात, "ते मीटिंगवाली नीलिमाताई." तिचे वडील जानराव बौद्ध विहाराच्या समितीचे चिटणीस होते. बैठकीत जे बोललं गेलं ते लिहायचं, आपल्याला जे पटलं ते नाही, ही शिस्त त्यांनी पोरीला लहानपणीच लावली होती. नीलिमा ती पाळते. निदान पाळते असं तिला वाटत होतं.

दर बुधवारी संचालकांची बैठक भरते. पूर्वी बैठकीचा वृत्तांत हातानं लिहिला जाई आणि त्यात फक्त झालेले निर्णय असत. मागच्या पावसाळ्यात कोण काय बोललं होतं यावरून दोघांची चांगलीच जुंपली, तेव्हापासून टेबलावर मोबाईल ठेवून सगळी बैठक रेकॉर्ड होऊ लागली. संगणक त्या आवाजाची अक्षरं करून देतो. पण वऱ्हाडी बोलणं त्याच्या अंगवळणी पडलेलं नाही, आणि माणसांना तो 'वक्ता एक', 'वक्ता दोन' असंच ओळखतो. मग नीलिमा कानाला इअरफोन लावून पुन्हा ऐकते, शब्द दुरुस्त करते आणि नावं घालते.

त्यापुढचं काम तिनं स्वतःहून अंगावर घेतलं होतं. आठवड्यामागून आठवडे जात, आणि एका बैठकीत निघालेला प्रश्न तिसऱ्या बैठकीत कुठे गेला, ते कोणालाच आठवत नसे. म्हणून तिनं एक तक्ता केला. प्रश्न कोणी काढला, कोणाचं काय म्हणणं, शेवटचं बोलणं कोणत्या बुधवारी झालं, आणि आज त्याची स्थिती काय. स्थिती दोनच, चालू किंवा मिटला. सोमवारी तो तक्ता सगळ्यांच्या मोबाईलवर जाई आणि लोक त्यावर भरवसा ठेवून कामाला लागत.

थप्पीचा प्रश्न याच तक्त्यात होता.

सोयाबीनचं बियाणं नाजूक असतं. पोत्यांची थप्पी उंच झाली की खालच्या पोत्यांतल्या दाण्यांवर भार येतो, साल चिरते आणि उगवण कमी होते. मेडशीच्या धुरपताबाई संचालक आहेत. त्यांच्या गटातल्या बायकांनी कंपनीसाठी बियाणं पिकवायचे प्लॉट घेतले होते. मागच्या वर्षी थप्पीतल्या खालच्या पोत्यांतलं बियाणं नीट उगवलं नाही, म्हणून पाचावर सहावं पोतं चढवायचं नाही, असं त्या म्हणत. गोदाम एजाजच्या ताब्यात. त्याचं म्हणणं, मागच्या वर्षी दोष थप्पीचा नव्हता, मळणीयंत्र जोरात पळवलं त्याचा होता. आणि आता तूर यायची होती. पाचाच्याच थप्प्या ठेवल्या तर तूर काय रस्त्यावर ठेवू, असं तो विचारी. दोघंही खोटं बोलत नव्हते.

तीनेक बुधवार हे चाललं. मग धुरपताबाईंची सून मंगरूळपीरला बाळंतपणासाठी दवाखान्यात होती, म्हणून त्या दोन बैठकांना आल्या नाहीत. त्यातल्या दुसऱ्या बैठकीचं लिखाण नीलिमानं वाचलं. अध्यक्ष दौलतसिंग म्हणाले होते, "झालं ते, पुढं चाला." त्यावर कोणी काही बोललं नव्हतं. मग कपांचा आवाज आणि 'घ्या, घ्या'. नीलिमानं थप्पीपुढे लिहिलं, मिटला.

सोमवारी तक्ता गेला. मंगळवारी एजाजनं थप्प्या नवापर्यंत चढवल्या आणि मोकळ्या जागेत तुरीची पोती लावून घेतली.

बुधवारी धुरपताबाई आल्या. सगळ्यांना नातवाचे पेढे दिले आणि हात धुवायला म्हणून गोदामाकडून गेल्या. तिथल्या नवाच्या थप्प्या पाहून त्या बैठकीत येऊन बसल्या. निघताना नीलिमाच्या टेबलापाशी थांबून शांतपणे म्हणाल्या, "माहं नाव काढून टाक यादीतून. अर्ज लिवून दे, मी अंगठा नाही, सही करतो." आणि जीपकडे चालू लागल्या.

नीलिमाला आधी वाटलं, बाई हरल्या म्हणून रुसल्या. पण त्या रुसणाऱ्यातल्या नव्हत्या. खताच्या प्रश्नावर त्या अशाच एकट्या पडल्या होत्या, तेव्हा हसत म्हणाल्या होत्या, 'बरं बाबा, तुमचंच खरं,' आणि खत उतरवून घ्यायला सगळ्यात आधी त्याच उभ्या होत्या. त्या गेल्या तर मेडशीच्या बायकाही जातील, हे तर होतंच. पण नीलिमाला खटकत होतं ते वेगळंच. बाईंनी तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तसं कोणी वडिलांकडे कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्या बैठकांची लिखाणं घेऊन बसली. आजवर ती शोधाच्या चौकटीत 'थप्पी' टाकायची आणि जिथे तो शब्द सापडेल तेवढंच वाचायची. आता पहिल्या बैठकीपासून ओळीनं वाचलं, तेव्हा कळलं की थप्पीचा प्रश्न थप्पीच्या नावानं क्वचितच आला होता. कधी तो 'तुरीच्या जागेचं काय' म्हणून आला, कधी 'खालचा माल' म्हणून. एकदा तर पत्र्याच्या शेडची चर्चा चालली होती आणि धुरपताबाईंचं सगळं बोलणं थप्पीबद्दलच होतं. तिच्या तक्त्यात त्यातलं काहीच नव्हतं.

मग तिनं त्या 'झालं ते'च्या बैठकीचा आवाज पुन्हा ऐकला. दौलतसिंगांच्या वाक्याआधी एक ओळ होती. लिखाणात ती त्यांच्याच नावावर होती, कारण संगणकानं दोन्ही वाक्यं एकाच वक्त्याची धरली होती आणि नीलिमानंही घाईत तसंच राहू दिलं होतं. त्या ओळीत 'थप्पी' हा शब्द नव्हता, म्हणून तिनं ती थप्पीशी जोडलीच नव्हती. आवाज मात्र एजाजचा होता. धुरपताबाईंना तो मावशी म्हणे. "मावशी आल्यावर त्यायले विचारून घेऊ, मंगच लावू." त्याच्यावर दौलतसिंग म्हणाले, झालं ते, पुढं चाला. आणि चहा आला.

प्रश्न मिटला असं एजाजनंही म्हटलं नव्हतं. त्यानं थप्प्या चढवल्या त्या तिच्या तक्त्यावर विसंबून.

ती गोदामात गेली आणि एजाजला तो आवाज ऐकवला. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. म्हणाला, "मले वाटलं तुमी मावशीले फोन करून विचारलं असन. तक्त्यात लिवलं होतं ना, ताई." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून तिला ते जास्त लागलं.

त्यानंतर तिनं एक गोष्ट तपासली. जुन्या बैठकांत जे जे वाद अर्धवट राहिले, ते कुठे तुटले? जवळजवळ प्रत्येक ठिकाणी तेच सापडलं. आवाज चढू लागले की दौलतसिंग चहा सांगत. चहा आला की वाद संपला असं धरून चालायचं आणि कप ठेवला की पुढचा विषय घ्यायचा, असा रिवाजच पडला होता. तो टेबलाभोवतीच्या सगळ्यांच्या अंगात मुरला होता, नीलिमाच्याही. म्हणूनच कपांचा आवाज ऐकून तिनं 'मिटला' लिहिलं होतं.

शनिवारी ती एसटीनं मालेगाव करून मेडशीला गेली. धुरपताबाई अंगणात तूर पाखडत होत्या. अर्ज आणला का, एवढंच त्यांनी विचारलं. नीलिमानं अर्ज आणला नव्हता. तिनं झालेली चूक सांगितली आणि एजाजचं वाक्य ऐकवलं. बाईंचं सूप थांबलं.

"एजाजबाबू म्हणला असं?"

"हो. मीच ते दौलतभाऊंच्या नावावर ठेवलं."

बाईंनी सूप खाली ठेवलं. "हे पाह्य नीलिमा, मी हारली असती तं गुमान बसली असती. पण मले कोनं हरवलंच नाही. चाय आली न् इषय गेला. मंग मी तिथं बसून कायले राहू? पेढे वाटाले?"

नीलिमानं एवढंच मागितलं की येत्या बुधवारी एकदा या, मग काय ते ठरवा. बाई हो म्हणाल्या नाहीत. निघताना मात्र तिच्या पिशवीत वालाच्या शेंगा घातल्या.

बुधवारी त्या आल्या, पण खुर्ची दाराजवळ ओढून बसल्या. तासाभरात आवाज चढले आणि दौलतसिंगांनी सवयीनं चहासाठी दाराबाहेर हात केला. नीलिमा उभी राहिली. बैठकीत ती सहसा बोलत नसे. तिनं विनंती केली की चहाआधी आजवर उरलेले प्रश्न वाचून दाखवू द्यावेत.

"वाच ना, पण चाय थंडी होते," दौलतसिंग कुरकुरले.

तिनं वाचलं. थप्पीपाशी आल्यावर आधी स्वतःची चूक सांगितली, मग 'मिटला' खोडून 'मतभेद' लिहिल्याचं सांगितलं. धुरपताबाईंचं म्हणणं त्यांच्या शब्दांत वाचलं, एजाजचं त्याच्या. कोणाचंही सुधारलं नाही. शेवटी एक रकाना तिनं नव्यानं जोडला होता, कशानं ठरेल? तो रिकामा होता.

चहा टेबलावर आला, पण कप कोणी उचलला नाही. मग दौलतसिंग म्हणाले, "मी काही कोनाचं तोंड दाबाले चाय नाही सांगत. आमच्या तांड्यात पंचायत बसे, रात रात भांडन चाले. माह्या बापाचं न् काकाचं बोलनं त्याच्यातच तुटलं. मले ते भ्याव आहे." एवढं बोलून ते खिडकीबाहेर पाहू लागले. नीलिमानं त्यांच्या कपावर बशी झाकून ठेवली.

रिकामा रकाना एजाजनं भरला. थप्पीतल्या खालच्या पोत्यातले शंभर दाणे घ्यायचे, वरच्यातले शंभर, आणि ओल्या गोणपाटात उगवून पाहायचे. तोवर उंच थप्प्या उतरवायच्या आणि तूर व्हरांड्यात ताडपत्रीखाली ठेवायची. "दाने मावशीच मोजतीन," तो म्हणाला, "मले चष्मा लागते." बाई दारापासून म्हणाल्या, "तुले चष्मा नाही, अक्कल लागते," आणि खुर्ची पुढे ओढली.

आठवड्यानं गोणपाट उलगडलं. वरच्या पोत्यातले शंभरात ऐंशी उगवले होते, खालच्यातले शहात्तर. सत्तरावर बियाणं चालतं. एजाज म्हणाला, पाहा, दोन्ही चाललं. बाई म्हणाल्या, पाहा, खालचं कमी आलं, आणि आठवडाभराच्या भारानं चार गेले तं मे महिन्यापर्यंत किती जातीन? एजाजचं म्हणणं, चार दाण्यांचा फरक तर कोणत्याही दोन पोत्यांत निघेल. त्यावर पुन्हा आवाज चढले. शेवटी पाचाची थप्पी तूर्त राहू द्यावी आणि मे महिन्यात पेरणीआधी पुन्हा दाणे लावावेत, असं ठरलं. एजाजला ते पटलं नव्हतं, आणि तसं त्यानं सांगितलंही.

नीलिमानं तक्त्यात लिहिलं: मतभेद कायम. तूर्त पाचाची थप्पी, एजाज यांची हरकत नोंदवून. मे महिन्यात पुन्हा उगवण पाहायची. मग ते वाचून दाखवलं आणि दोघांना विचारलं, बरोबर आहे का. एजाजनं मान हलवली. धुरपताबाई म्हणाल्या, "आता चाय आन म्हना."

राजीनाम्याचा अर्ज त्यांनी पुन्हा मागितला नाही.