दहा सेंटिमीटरचा चौकोन

माझा धाकटा भाऊ पैसे मागायला बसला की आधी पाणी पितो, मग टेबल पुसतो, मग चष्मा पुसतो आणि मग म्हणतो, "ताई, उद्या सकाळी ताज्या डोक्यानं लिहितो." पैसे त्याचेच असतात, घाम त्याचाच गाळलेला असतो, पण मागताना चेहरा असा करतो की जणू शेजाऱ्याच्या बरणीत हात घालताना पकडलाय. घरात आम्ही त्याला भीडमहाराज म्हणतो.

त्याचा धंदा पुस्तकांच्या मांडणीचा. लोक मजकूर आणून देतात, तो पानं लावतो, आकृत्या काढतो आणि छापखान्यात द्यायच्या फाइली करून देतो. माझ्या घराच्या मागच्या खोलीत त्याचं टेबल आहे आणि हिशेब मी बघते. एका गृहस्थानं आख्खं पुस्तक करून घेतलं, फाइली नेल्या आणि नंतर फोन उचलणंच सोडून दिलं. त्या दिवसापासून मी नियम घातला. निम्मे पैसे काम सुरू करताना. काम झालं की बघायला एक प्रत, तीही अशी की छापून उपयोग होऊ नये. उरलेले पैसे खात्यात आले की खऱ्या फाइली. शिंपी नाही का, कपडा अंगावर घालून बघू देतो, पण पिशवीत भरतो ते पैसे मिळाल्यावरच! भीड ही भिकेची बहीण, हे मी त्याला इतक्यांदा ऐकवलंय की तो आता माझ्या आधीच वाक्य पुरं करतो.

नियम त्याला पटला होता. तोंडातून बाहेर काढणं जमत नव्हतं.

शिवणबाईंचं काम आलं तेव्हा तर पंचाईतच झाली. या बाई शिवणाचा क्लास चालवतात. आमच्या आईचे कपडे त्यांनीच शिवलेले, आणि भावाच्या शाळेच्या चड्ड्याही. आयुष्यभर शिकवून शिकवून त्यांनी बेतणीचे कागद तयार केले होते. म्हणजे फ्रॉकचा गळा, बाही, पाठ खऱ्या मापात काढलेली असते. कागद कापडावर ठेवायचा आणि कडेनं कापत जायचं. त्यांना त्याचं पुस्तक हवं होतं, नव्या वर्गातल्या बायकांना द्यायला. निम्मे पैसे त्यांनी पहिल्याच भेटीत ठेवले, रुमालात गुंडाळून आणलेले. काम चालू असताना एकदा त्यांनी आवर्जून सांगितलं की पहिल्या पानावर दहा सेंटिमीटरचा एक चौकोन काढ, म्हणजे कागद छापून आल्यावर टेप लावून बघता येईल की माप बरोबर उतरलंय का. भावानं तो काढला. बाई खूश झाल्या.

काम संपलं. बघायच्या प्रतीत भावानं ठरल्याप्रमाणे सगळ्या आकृत्या थोड्या लहान केल्या, दहाला नऊ या प्रमाणात, म्हणजे त्यावरून कुणी कपडा बेतू शकणार नाही. प्रत्येक पानावर तिरपं, फिकट अक्षरात 'छपाईसाठी नाही' असंही टाकलं. मग ते पान बघत बसला. मी चहा ठेवायला आत गेले आणि परत आले तर अक्षरं गायब.

मी विचारलं, तर म्हणाला की बाईंच्या पानांवर असं आडवंतिडवं लिहिलेलं चोरासारखं दिसतं. "ज्या बाईंनी आपल्याला उधारीवर कपडे दिले, त्यांच्या तोंडावर हे कसं मारू? पत्रात लिहितो ना नीट."

मी म्हटलं, लिही बाबा. आणि पत्र वाचायला मागितलं नाही. त्या दिवशी मला बँकेत जायचं होतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्या पत्रांचा मला कंटाळा आला होता.

आठवड्यानं शिवणबाईंचा फोन आला. फारसं काही बोलल्या नाहीत. दोघं या एवढंच म्हणाल्या.

क्लास म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला लागून शिलाई मशीन, मधे कापायचं मोठं टेबल, जमिनीवर दोऱ्यांचे तुकडे. वर्ग नुकताच सुटला होता. बाई टेबलाशी उभ्या होत्या आणि त्यांच्याबरोबर एक विद्यार्थिनी थांबली होती, रुग्णालयात आया म्हणून काम करणारी. टेबलावर एक जांभळा फ्रॉक पडला होता, अर्धा शिवलेला. बाजूला छापलेल्या कागदांचा गठ्ठा.

मला तो गठ्ठा दिसला आणि कळलं, बघायची प्रतच छापली गेलीय. भावाला कळायला थोडा वेळ लागला. मग त्यानं एक कागद उचलला, पहिलं पान काढलं आणि चौकोनाकडे नुसतंच बघत राहिला. काही विचारायची गरज उरली नव्हती.

बाईंनी शांतपणे सांगितलं. भावाची पानं आली, त्यांना फार आवडली. वर्ग सुरू व्हायचा होता, म्हणून त्यांनी छपाईच्या दुकानात देऊन सगळ्या बायकांसाठी संच काढून घेतले. त्यासाठी भावाला द्यायला ठेवलेल्या पैशांतून बराचसा भाग गेला. भाऊ तर लिहितोय की घाई नाही, मग पुढच्या महिन्यात देऊ, असं त्यांना वाटलं. पहिल्याच तासाला सगळ्याजणी वर्तमानपत्रावर बेतत होत्या. ही एकटी घरून कापड घेऊन आली होती, लेकीचा वाढदिवस जवळ होता म्हणून. तिनं कापलं, शिवलं. लेकीच्या अंगात फ्रॉक खांद्यातून खाली उतरेना.

"मी पत्रात लिहिलं होतं," भाऊ म्हणाला, पण इतक्या बारीक आवाजात की ते त्याला स्वतःलाच पटलं नसावं.

बाईंनी फोन काढून पत्र माझ्यासमोर धरलं. मी वाचलं. सुरुवातीला त्यांच्या तब्येतीची चौकशी. मग काम करताना किती शिकायला मिळालं याचं वर्णन. मग आईच्या कपड्यांची आठवण. मग, 'सोबतची पानं नजरेखालून घालावीत. बाकीचं तुमच्या सवडीनं, मुळीच घाई नाही. मूळ फाइली पाठवीनच.' शेवटी पुन्हा नमस्कार. छापू नका असं कुठं नव्हतं. पैसे हा शब्दही नव्हता. एवढं साखरपाणी ओतलं होतं की त्यात औषध विरघळूनच गेलं होतं.

मला त्याचा राग यायला हवा होता. त्याऐवजी मला आठवत राहिलं की मी पत्र वाचायला मागितलं नाही.

भावानं त्या विद्यार्थिनीला कापडाचे पैसे देऊ केले. माझी अपेक्षा होती की ती नको नको म्हणेल. तिनं मुकाट्यानं घेतले, मोजले, पाकिटात ठेवले. मग म्हणाली, "त्या रंगाचं कापड आता दुकानात नाही. मी विचारून आले." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि तेच भावाला जास्त लागलं. ती फ्रॉक घडी करून घेऊन गेली. तो दारापर्यंत तिच्या मागे गेला आणि तसाच परत आला.

मग तो शिवणबाईंना म्हणाला की छपाईचा सगळा खर्च मी भरतो, फाइली आत्ता पाठवतो, आणि उरलेले पैसे मला नकोतच. हे म्हणताना त्यानं फोन हातात घेतलाही होता. त्याला कसंही करून त्या खोलीतून हलकं होऊन बाहेर पडायचं होतं.

"फोन ठेव," बाई म्हणाल्या. "चूक तुझी एकट्याची नाही. मला वाचताना शंका आली होती की ही शेवटची पानं आहेत का. पण विचारलं तर तुला वाटेल, बाई संशय घेतात. म्हणून गप्प बसले. आणि चौकोन मी तुझ्याकडून हट्टानं काढून घेतला, तो मोजला नाही. का, माहीत आहे? तू केलंयस, म्हणजे बरोबरच असणार."

भाऊ खाली बसला. कुणी थोबाडीत मारली असती तरी त्याचा चेहरा इतका पडला नसता.

बाई त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. "मी आयुष्यभर लोकांना सांगत आले, कपडा तयार आहे, पैसे घेऊन या आणि घेऊन जा. तुझ्या आईलासुद्धा सांगायचे. तिला कधी राग आला?"

"पण आम्हाला तर तुम्ही उधारीवर..."

"एकदा. आणि तेही आधी सांगून, की या वेळी उधार. न सांगता काही केलं नाही."

मग त्यांनी त्याला तिथंच पत्र पुन्हा लिहायला लावलं. तो दोनदा 'कृपया गैरसमज नसावा' असं लिहू लागला आणि दोन्ही वेळा त्यांनी ते काढायला सांगितलं. म्हणाल्या, तू म्हणतोस म्हणूनच माणसाला गैरसमज सुचतो. शेवटी उरलं ते एवढं:

'बाई, काम पूर्ण झालं. सोबतची प्रत फक्त बघण्यासाठी आहे, मापं लहान केली आहेत, छापू नये. काही बदल असतील तर कळवा. उरलेली रक्कम खात्यात जमा झाली की त्याच दिवशी छपाईच्या फाइली पाठवतो. सगळ्यांसाठी हीच पद्धत आहे.'

मी म्हटलं, हेच तर मी बोंबलून सांगत होते. दोघांनीही माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

छपाईचा खर्च निम्मा-निम्मा ठरला. भावाचा निम्मा त्याच्या पैशांतून वजा. बाकीच्यासाठी बाईंनी क्लासच्या भाड्याला बाजूला ठेवलेले पैसे मोडले; मालकाशी मी बोलून घेईन म्हणाल्या. भाऊ नको म्हणायला तोंड उघडत होता, मी टेबलाखालून त्याला पाय मारला. बाईंनी फोनवरून पैसे पाठवले. भावानं लगेच फाइली पाठवायला बोट पुढे केलं.

"आले का?" बाईंनी विचारलं.

"येतील ना, बाई."

"येऊ देत. मग पाठव."

बँकेची सेवा त्या दिवशी संथ होती. भाऊ मान खाली घालून दोऱ्याचे तुकडे गोळा करत होता. मग त्याच्या फोनवर पैसे जमा झाल्याची खूण वाजली आणि त्यानं फाइली पाठवल्या.

बाईंकडे कोपऱ्यात एक छोटं छपाई यंत्र होतं. त्यांनी फक्त पहिलं पान काढलं. भाऊ आभाराची वाट बघत उभा होता, निदान एखाद्या बऱ्या शब्दाची. बाईंनी गळ्यातली टेप उतरवली, कागद टेबलावर सपाट केला आणि चौकोनाची एक बाजू मोजली. मग दुसरी. मग कागद फिरवून उरलेल्या दोन्ही.

"दहा," त्या म्हणाल्या. "तुला राग आला का, मी मोजलं म्हणून?"

भावानं थोडा विचार केला. "नाही," तो म्हणाला, आणि स्वतःच्या उत्तराचं त्यालाच नवल वाटल्यासारखा बाईंच्या हातातल्या टेपकडे बघत राहिला.