दहा तास थंड झोप

तीस वर्षं ट्रक चालवणाऱ्या त्या ड्रायव्हरला सगळे भट्टी म्हणायचे, केबिनच्या उकाड्यामुळे नव्हे, त्याच्या डोक्यामुळे. झोपायच्या केबिनला बॅटरीवरचा कूलर बसवताना कूलरवाल्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, "इंजिन बंद ठेवून दहा तास झोपा." चार तासांतच कूलर थांबला आणि भट्टी घामाने निथळत उठला. तक्रार केली, तर भर दुकानात उत्तर मिळालं, "काका, तुम्हाला वापरता येत नाही."

ते जिव्हारी लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्याने ट्रक दुकानाच्या फाटकातच आडवा लावला, इंजिन बंद केलं आणि कूलर चालू केला. "दहा तास चालला, तर हात जोडून जाईन."

बाराला कूलर थांबला. इंजिन सुरू होण्यापुरता करंट उरावा म्हणून तो आपोआप थांबतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण गिऱ्हाइकं बघत होती. कूलरवाला तावातावाने केबिनमध्ये चढला आणि बॅटरी किती उतरल्यावर कूलर थांबावा, ती मर्यादाच त्याने खाली आणली. भट्टीने बाजूला सरकून त्याला जागा दिली.

दोनला कूलर पुन्हा थांबला.

"हरलो. काढा ट्रक," कूलरवाला म्हणाला.

भट्टीने चावी फिरवली. स्टार्टर नुसता टक् वाजला. फाटकाबाहेर गिऱ्हाइकांचे तीन ट्रक खोळंबून हॉर्न मारत होते.

"दुसरी बॅटरी जोडतो," कूलरवाला धावला.

"जोड की." भट्टीने चावी खिशात घातली. "चावी सहाला मिळेल. तोवर वर जाऊन झोप. दहा तास थंड असतं ना?"