हिरवा बुधवार

भैरवीच्या बुटिकात मालक, शिंपीण, झाडूवाली आणि हिरोईन अशी सगळी एकच बाई होती, ती म्हणजे भैरवी. नागपुरात त्रिमूर्तीनगरच्या गल्लीत घराच्या पुढच्या खोलीत एक मशीन, एक आरसा आणि भिंतीवर महिन्याचा तक्ता. आधी ती मनात येईल तेव्हा फोनवरून दुकानाच्या जाहिरातीचे व्हिडिओ टाकायची, एक ना धड भाराभर चिंध्या. मग तिनं शिस्त लावली. तक्त्यावर सोमवारी लाल पेन, म्हणजे ऑफर. बुधवारी हिरवं, म्हणजे पुरावा: गिऱ्हाईक नवा कपडा घालून आरशासमोर. शुक्रवारी निळं, म्हणजे भैरवी स्वतः, कधी उलट्या शिवलेल्या बाह्या दाखवून हसणारी, कधी सासूची नक्कल करणारी. नुसत्या ऑफरी टाकल्या की लोक अंगठा सरकवून पुढे जातात, हे ती ठेच खाऊन शिकली होती. पहिल्या रविवारी ती महिन्याचे बहुतेक व्हिडिओ एकदमच काढून ठेवी. एक नियम मात्र तिनं तक्त्याच्या माथ्यावरच लिहिला होता: कमेंटला तासाभरात उत्तर.

पुरावा तेवढा तिच्या हातात नसे. गिऱ्हाईक हो म्हणेल तेव्हा खरा. त्या महिन्यात श्वेता नावाच्या गिऱ्हाइकाचा नवरा व्हिडिओचं ऐकून रागावला आणि तिसरा बुधवार रिकामा पडला. भैरवीला रिकामा चौकोन बघवत नसे. फोनमध्ये मिनलचा व्हिडिओ होता.

मिनल दोन गल्ल्या सोडून एका खोलीत एकटी राहायची. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात काउंटरवर पेशंटची नावं लिहून घ्यायची. पहिल्या पगारातून तिनं मोरपंखी ड्रेस शिवून घेतला आणि आरशासमोर अशी गिरकी घेतली की भैरवीनं नकळत फोन उचलला.

"टाकू काय वं?" भैरवीनं विचारलं होतं.

"स्टेटसले टाका ताई. तुमच्या वळखीच्या बायांनी पाह्यलं तं पाह्यलं," मिनल लाजून म्हणाली होती.

ती कन्हानचं सासर सोडून आली होती, एवढं भैरवीला ठाऊक होतं. का, ते तिनं विचारलं नव्हतं. खरं सांगायचं तर विचारायचं टाळलं होतं. स्टेटस म्हणजे ओळखीच्यांपुरतं आणि रील म्हणजे सगळ्या जगासाठी, हा फरक तिच्याइतका कुणाला कळत होता! पण चौकोन रिकामा होता. 'पहिल्या पगाराचा पहिला ड्रेस' असं वर लिहून तिनं रील सोडून दिली.

रील धावत सुटली. भैरवीच्या आजवरच्या कुठल्याच ऑफरला इतके डोळे मिळाले नव्हते. कमेंटा येत होत्या आणि बाई मशीन थांबवून एकेकीला उत्तर देत होती. एका बिनफोटोच्या खात्यावरून आलं, "ताई, बायकोसाठी शिवायचं आहे. दुकान कुठे?" तिनं सहा मिनिटांत लिहिलं: त्रिमूर्तीनगर, पाण्याच्या टाकीमागची गल्ली, अकरा ते सात. वर दोन फुलंही टाकली. मग तीच कमेंट सगळ्यांना दिसावी म्हणून वर टाचून ठेवली.

शनिवारी साडेसहाला मिनल सलवारीची लांबी कमी करायला आली. काम झालं, ती पिशवी घेऊन बाहेर पडली. गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकल उभी होती. भैरवीला आधी ओरडणं ऐकू आलं, मग काहीतरी आपटल्याचा आवाज. ती कात्री हातात घेऊनच धावली. माणसं जमली होती आणि तो माणूस म्हणत होता, "माई बायको हाय, तुमाले काय करायचं?" लोकांनी त्याला धरेपर्यंत मिनलचा जबडा फुटला होता.

तिला नेलं ते तिच्याच दवाखान्यात. ज्या काउंटरवर ती नावं लिहून घ्यायची, तिथं दुसऱ्या मुलीनं तिचं नाव लिहून घेतलं, लिहिता लिहिता रडली.

भैरवीनं रील काढून टाकली, पण तोवर ती कुठकुठल्या फोनांत जाऊन बसली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण इथं हात भैरवीचा आणि अवलक्षण दुसरीचं. स्वतःची इतकी किळस तिला कधी आली नव्हती.

सोमवारी ती वॉर्डात गेली. मिनलला बोलता येत नव्हतं, जबडा तारांनी बांधलेला. तिनं फोन उचलला आणि अक्षरं टाइप करून भैरवीसमोर धरली.

"त्याले पत्ता कोनं देल्ला?"

पोलिसांत तक्रार झाली, तो आत आहे, असं बरंच काही भैरवीनं वाटेत जुळवून आणलं होतं.

"म्या देल्ला," ती म्हणाली. "सहा मिनटात."

मिनलनं फोन परत घेतला. मग तिनं एकच ओळ लिहिली, फोन उशीवर ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"मी तं स्टेटसले म्हणली होती ना ताई."