तेवढं इंग्रजीत सांगा

शिकवण्या घेणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. ते कोणी मागून घेत नाही. पोरं बोलतात, घरची माणसं दारामागून ऐकतात, आणि वर्षभरात पोतंभर जमतात. मैत्रिणी जमल्या की म्हणतात, सांग ना हिंगोलीचे. मी हसण्याजोगे सांगते आणि उठते. आज सगळे सांगते, कारण ते सगळे एकाच घरातले आहेत.

पहिल्याच आठवड्यात एक बारीकशी गोष्ट खटकली होती. कुसुम, वय वर्षे आठ, वकिलांची एकुलती एक मुलगी. मी तिला इंग्रजीत कोंबडीची गोष्ट सांगितली. तीन पिल्लं दाणे टिपत होती, घार आली, कोंबडीनं हाक मारली. दोन पिल्लं पंखाखाली पळाली, तिसरं म्हणालं, "वन मोअर ग्रेन." आणखी एकच दाणा. मग काय झालं ते सांगायला नको.

कुसुमनं गोष्ट परत सांगितली. अगदी बिनचूक. "देअर वेअर थ्री चिक्स. अ काइट केम. टू चिक्स रॅन."

"कुठं पळाली?" मी विचारलं.

"नुसतीच पळाली, बाई."

कोंबडी गायब. मला वाटलं, विसरली असेल. पुन्हा सांगायला लावली. पुन्हा कोंबडी नाही. ओसरीवर तिचे वडील, दादासाहेब, कज्ज्याचे उर्दू कागद वाचत बसले होते. त्यांनी मान वर केली आणि परत खाली घातली. मी वहीत लिहून ठेवलं: पाठांतर चांगलं, लक्ष अर्धवट.

*

ती वही मी अजून फाडलेली नाही, याची लाज वाटते.

माझी पद्धत कॉलेजातली होती. हैदराबादला आमच्या बाई सांगायच्या, इंग्रजी गोष्ट लहान मुलाला सांगायची तर एका वाक्यात एकच काम. उंदीर धावला. उंदीर पडला. उंदीर रडला. आधी पाटीवर चित्रं काढायची, म्हणजे नवे शब्द आधीच ओळखीचे होतात. मग हातवारे करत सावकाश सांगायचं. मग चारच प्रश्न: कोण होतं, त्याला काय हवं होतं, त्यानं काय केलं, मग काय झालं. मग मुलानं गोष्ट परत सांगायची, चुकलं तरी मध्ये तोंड घालायचं नाही. आणि तात्पर्य सगळ्यात शेवटी, तेही मुलाच्या घरातल्या भाषेत.

ही शेवटची पायरी सगळ्यात अवघड. ते मला खारीनं शिकवलं.

खारीकडे शेंगांचा ढीग होता. तिची आई म्हणाली, शेजारणीला दे. खारीनं दिल्या नाहीत, पाऊस आला, शेंगा कुजल्या. कुसुमनं ही गोष्ट आईसकट, शेपटासकट सुरेख सांगितली. दादासाहेब त्या दिवशी कचेरीत होते, नाहीतर त्यांनाही कौतुक वाटलं असतं. मी खूश होऊन तात्पर्य सांगून टाकलं: आपल्याकडे जास्त असेल ते वाटून टाकावं.

दुसऱ्या दिवशी दारातच आत्याबाई उभ्या. दादासाहेबांची विधवा बहीण, माहेर-सासर दोन्ही शिरड शहापूरच्या आसपासचं, घर त्यांच्याच हातावर चाललेलं. मला एकतर कोणी अचानक समोर आलं की धडकीच भरते.

"बाई, तुमी पोरीला काय शिकवून राहिल्या?"

गच्चीवर वाळत घातलेले सगळे सांडगे कुसुमनं गल्लीतल्या शेळ्यांना वाटून टाकले होते. एकेका शेळीला मोजून सारखे.

तेव्हापासून मी तात्पर्य हुकमासारखं सांगत नाही. हुकूम मुलं पाळतात. मी विचारते, खारीनं काय करायला हवं होतं? तू असतीस तर? मूल चुकलं तर चुकू द्यायचं, पण तात्पर्य त्याच्या तोंडून यायला हवं.

*

आत्याबाई रोज शिकवणीच्या वेळी सूप घेऊन उंबऱ्याशी बसायच्या. तांदूळ निवडत. लढाईचे दिवस, रेशनच्या तांदळात खडेच जास्त. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं, एकदा निवडलेलेच तांदूळ त्या पुन्हा निवडतात.

एकदा मी विचारलं, "आत्याबाई, इंग्रजी समजतं का थोडं थोडं?"

"न्हाई बा."

"मग रोज ऐकता ते?"

"समजत न्हाई म्हणून तर बसते," त्या म्हणाल्या. "मराठीत गोष्ट कोणी सांगाया लागलं की मला उठून जावं लागतं."

मी पुढं काही विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मी घाबरट आहे. दुसऱ्याच्या घरातलं बंद दार दिसलं की मी तिथून पाय काढते.

*

ते दार दादासाहेबांनीच उघडलं. एका दुपारी शिकवणी संपल्यावर त्यांनी मला ओसरीवर थांबवलं. कुसुम शेजारी खेळायला गेली होती.

कुसुमची आई हैदराबादला इस्पितळात आहे, छातीच्या दुखण्यानं, एवढंच मला ठाऊक होतं. घरात तसंच बोलायचे. पत्र आलं, पत्र येईल, बरी झाली की येईल.

ती मार्गशीर्षातच गेली होती. दहावं-तेरावं तिकडेच मामांच्या घरी उरकलं. दादासाहेब परत आले तेव्हा कुसुम दारात उभी होती. तिनं विचारलं, दादा, आई कशी आहे? आणि यांच्या तोंडून निघून गेलं, बरी आहे.

"त्या एका शब्दाला आता आठ महिने झाले," ते म्हणाले. "रोज ठरवतो. कचेरीत दिवसभर दुसऱ्यांसाठी बोलतो, घरी आलो की जबान उचलत नाही."

मी हातातली पाटी पदराखाली घेतली.

"तुम्ही तिला गोष्टी सांगता," ते म्हणाले. "तेवढं इंग्रजीत सांगा. एखादी गोष्ट करून. मराठीत ते माझ्याच्यानं होत नाही, कोणाच्याच होणार नाही. इंग्रजीत आधी शब्द कळेल, मग हळूहळू अर्थ. तेवढी तकलीफ कमी."

आत्याबाई आतून म्हणाल्या, "माझ्या देखत नका सांगू."

*

पहिल्यांदा मी सांगितलं ते इतकं चुकलं की आजही आठवलं की कानशिलं तापतात.

मी एका हरिणीची गोष्ट केली. हरिणी आजारी पडली. शेवटचं वाक्य मला बोलवेना. म्हणून मी म्हटलं, "द डिअर वेंट टु स्लीप." हरिणी झोपी गेली. आणि तिचं पाडस शहाणं झालं. कुसुमनं विचारलं, उठली कधी? मी म्हटलं, ती खूप लांब गेली. कुसुम म्हणाली, झोपली होती ना?

तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी मला दारातच गाठलं.

"पोरगी दोन दिस झाले डोळा मिटून न्हाई राहिली. झोप म्हटलं की किंचाळते. काय सांगितलं तुमी?"

मग मी घरी जाऊन पाटी घेऊन बसले आणि स्वतःच्या गोष्टीला ते चार प्रश्न विचारले. मग काय झालं, याचं उत्तर माझ्या गोष्टीत नव्हतंच. झोपणं म्हणजे झोपणं. गेली म्हणजे येईल. आठ वर्षांचं लेकरू शब्द जसा आहे तसा धरतं. तो मऊ करायला जावं तर भीती तेवढी उरते. मोठ्यांचं सांत्वन करणारा शब्द लहानाला फसवतो. खरा शब्द एकच होता, आणि तो वाक्यात एकटाच ठेवायला हवा होता.

मी दादासाहेबांना सांगितलं, पुन्हा सांगेन. पण त्या वेळी तुम्ही घरात असायला हवं, कारण नंतर तिला माझी नाही, तुमची गरज लागेल. त्यांनी टोपी हातात फिरवली. मग म्हणाले, दाराआड उभा राहतो.

*

ठरल्या दिवशी दादासाहेब कचेरीतून दुपारीच आले, आणि मी पाटीवर घरटं काढलं. सुगरणीचं, कयाधू नदीकाठच्या बाभळीला लटकतात तसं. दादासाहेब मधल्या खोलीच्या दाराआड होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, आणि मला दर श्वासाला दचकायला होत होतं.

"द मदर बर्ड वॉज इल," मी म्हटलं. कुसुम माझ्या ओठांकडे बघत होती.

"द मदर बर्ड डाइड."

मग पुढची गोष्ट. झाडावरच्या सगळ्यांनी पिल्लाला सांगितलं, आई दाणे आणायला गेलीय. पिल्लू रोज आपल्यातला अर्धा दाणा आईसाठी ठेवायचं. दाण्यांना कीड लागली. पिल्लू वाळत गेलं. शेवटी एका म्हाताऱ्या कावळ्यानं त्याला खरं सांगितलं. पिल्लू पुष्कळ रडलं. मग त्यानं पूर्ण दाणा खाल्ला.

प्रश्न मी विचारले नाहीत. मी मराठीत सांगायला लागले, जेवढ्या साध्या शब्दांत येईल तेवढ्या. मेली म्हणजे तिचं अंग थांबलं. श्वास थांबला. आता तिला दुखत नाही, थंडी वाजत नाही, भूक लागत नाही. ती झोपलेली नाही, आणि ती परत येणार नाही. पिल्लानं काही चूक केली म्हणून हे झालं नाही. आणि पिल्लानं तिची आठवण काढली, रडलं, तर कोणी रागावणार नाही.

"कुसुम, झाडावरच्यांनी पिल्लाला काय सांगायला हवं होतं?"

ती उठली. पाटी नीट भिंतीशी टेकवून ठेवली, धान्याच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

मी दाराशी गेले. हाक मारली. आत काही नाही. पुन्हा मारली. आत उंच कोठ्या, बारीक झरोका; मी दाराला कान लावला. "कुसुम, रागावलीस का माझ्यावर? रागाव, पण बोल." आत्याबाई चुलीपुढून उठून आल्या आणि भिंत धरून उभ्या राहिल्या. दादासाहेब दाराआडून बाहेर आले. त्यांनी तोंड उघडलं, पण नाव निघेना. ते माझ्या शेजारी जमिनीवर बसले, वकिली कोटासकट, आणि दाराला कपाळ लावलं.

मी आणखी एकदा हाक मारली. या वेळी मोठ्यानं.

मग आतून, दाराच्या अगदी जवळून, ती कुजबुजली.

"बाई, हळू बोला. आत्याला माहीत हाय. दादांना अजून कोणी सांगितलं न्हाई."