मुंगी मेलीच नव्हती

माझी मुलगी रडते. मुसमुसत वगैरे नाही, भोंगा लावून रडते, आणि मी तिला गप्प करत नाही. इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीच्या जिन्यात मी हे एकदा बोलून दाखवलं, तर दोघी-तिघींनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पोरीला उपाशीच ठेवते. बघा म्हटलं, खुशाल बघा.

पोर चार वर्षांची. तिला गप्प करायला आमच्याकडे कोण टपलेलं नसतं? नवऱ्याच्या खिशात चॉकलेट. शेजारच्या काकांकडे पोलिसाची भीती, आणि त्यांचे ते पोलीस कायम जिन्यातच येऊन उभे. आणि सासूबाई! त्या सटाण्याच्या, मनाने अगदी लोणी. पण पोर धडपडली रे धडपडली की धावत येणार, फरशीवर चापट मारणार आणि हसत हसत ओरडणार, "मुंगी मेली, मुंगी मेली! बघ कशी चिरडली!" पोर फरशीकडे बघणार, रडायचं विसरणार, झालं. मीही याच मुंग्यांवर वाढले आणि तुम्हीही. त्यात काही वाईट आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

पोरीच्या बालवाडीने पालकांसाठी एका समुपदेशक बाईंना बोलावलं होतं. मी अर्ध्या मनाने गेले, दुकानातून सुट्टी मिळाली एवढंच सुख. मी मेडिकलमध्ये काउंटरला असते, दिवसभर लोकांची तणतण ऐकते, आणखी कोणाचं ऐकायची हौस नव्हती. पण बाई सरळ बोलल्या. मुलाला आत काहीतरी होतं पण त्याला शब्द सापडत नाही, म्हणून ते हात उगारतं, चावतं, लोळतं. आपण तो शब्द पुढे करायचा, पण विचारून, लादून नाही. भावना कुठलीही चालेल, वागणं मात्र कुठलंही चालणार नाही. आणि वादळ चालू असताना भाषण द्यायचं नाही. तेव्हा जवळ बसायचं, त्याला कुठे लागू द्यायचं नाही, थांबायचं. बोलणं नंतर.

मला ते पटलं. आणि मला एखादी गोष्ट पटली की घरच्यांचं काही खरं नसतं.

मग सुरू झालं. केळं मोडलं, पोरीने टाहो फोडला. "तुला अख्खं हवं होतं. वाईट वाटलं का?" लिफ्टचं बटण दुसऱ्याच कोणीतरी दाबलं. "तुला दाबायचं होतं. राग आला का?" कधी ती मान हलवायची, कधी "नाही!" म्हणून मलाच ढकलायची. मग मी दुसरा शब्द काढायचे, नाहीतर गप्प बसायचे. सासूबाई कपाळाला हात लावायच्या. "केळ्याचं काय वाईट वाटायचं गं? डोक्यावर बसवून ठेव तिला." मी म्हणायचे, "आई, तुमच्या हातून दूध उतू गेलं की तुम्ही दिवसभर बोलता ना?" त्या फणकाऱ्याने आत जायच्या. मी मुंगीवर मात्र बंदी घातली नव्हती. एवढं भांडण एका मुंगीवरून कोण करेल?

आणि मग एका दुपारी काउंटरवर फोन आला. माझ्या मुलीने बालवाडीतल्या मावशींना चावलं होतं. मावशी म्हणजे तिथल्या मदतनीस. मुलांची नाकं पुसणं, डबे उघडणं, शी-शू, सगळं त्यांच्यावर. मनगटाच्या वर दात रुतले होते. मोठ्या बाई, म्हणजे बालवाडी चालवणाऱ्या, फोनवर थंड आवाजात म्हणाल्या, "उद्या या. मुलीने सगळ्यांसमोर माफी मागायला हवी. नाहीतर आम्ही तिला ठेवू शकणार नाही."

घरी आले तेव्हा माझं डोकं इतकं तापलं होतं की पोर समोर आली असती तर मी एक ठेवून दिली असती. खरंच. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. मला राग आलाय, मला लाज वाटतेय, मला भीती वाटतेय की तिला काढून टाकतील आणि मला नोकरी सोडावी लागेल. हे सगळं मी स्वतःलाच सांगितलं. मग बाहेर आले.

नवरा म्हणाला, "सॉरी म्हणायला लाव आणि विषय संपव." मी म्हटलं, "आधी मला कळू दे विषय काय आहे."

संध्याकाळी मटार सोलायला बसलो, ती आणि मी. तिला शेंगा सोलायला नाही, दाणे खायला आवडतात. ती शांत झाल्यावर मी विचारलं, "आज मावशींना चावलीस तेव्हा राग आला होता?" मान हलली, पण अर्धवट. "भीती वाटली होती?" नाही. "वाईट वाटलं होतं?"

तिने हातातली शेंग खाली ठेवली. "मुंगीचं."

"कुठल्या मुंगीचं?"

मग ते सगळं बाहेर आलं, तुटक तुटक, हुंदक्यात. वर्गातला एक मुलगा पळता पळता आपटला. मावशी म्हणाल्या मुंगी मेली. आणि मावशी हसत होत्या. "ती मरते तर सगळे हसतात. आजी पण हसते. मी पडते तर पण मरते. मी रोज मारते!"

माझ्या घशाशी आधी हसू आलं होतं, देवाशपथ. ते तिथेच विरलं. बाई गं! आम्ही तिचं रडं थांबवत होतो आणि पोर मनातल्या मनात खुनी होऊन बसली होती.

मी मटार बाजूला ठेवला. "तुला मुंगीचं खूप वाईट वाटलं. आणि मावशी हसल्या म्हणून राग आला."

"हो," ती म्हणाली, आणि माझ्या मांडीत शिरून रडली. मी तिला रडू दिलं. मग सांगितलं, की मुंगी मेलीच नव्हती. एकही नाही. मुलांनी रडू नये म्हणून मोठी माणसं तसं म्हणतात. "खोटं?" तिने डोळे मोठे केले. "हो, खोटं." स्वयंपाकघरातून भांडं आपटल्याचा आवाज आला. सासूबाई सगळं ऐकत होत्या.

"राग आला ते चालतं," मी म्हटलं. "चावणं नाही चालत. मावशींना दुखलं. पुढच्या वेळी काय करशील?" तिने बराच विचार केला. "पाय आपटीन. आणि ओरडीन." "चालेल. आणि मावशींच्या हातासाठी काय करूया?" तिला मलम आठवलं. आईचं दुकानच औषधांचं. दुसऱ्या दिवशी जाताना मलमाची ट्यूब तिने स्वतःच्या मुठीत धरली होती.

सासूबाई न बोलावता आल्या. मोठ्या बाईंच्या खोलीत आम्ही तिघी खुर्च्यांवर, पोर मला चिकटून, आणि दाराशी मावशी, पदराने हात झाकून. मी मुंगीचं सांगितलं. मोठ्या बाई हसल्या. "अहो, गंमत असते ती. चल बेटा, मोठ्याने सॉरी म्हण बघू. मग वर्गात जाऊनही म्हणायचं."

पोरीचं अंग ताठ झालं. "म्हण की," बाई म्हणाल्या. "चांगली मुलगी आहेस ना?" आणि पोरीने टेबलावरचा पेनांचा डबा उडवला. पेनं चहूकडे, पोर जमिनीवर, आणि तो भोंगा!

"बघितलंत?" मोठ्या बाई म्हणाल्या. सासूबाई घाबरून बोलायला लागल्या, "रडू नको माय, ते बघ पोलीस..."

"आई, थांबा," मी म्हटलं. इतक्या जोरात की त्या थांबल्या.

मी चांगली साडी नेसून गेले होते. तशीच फरशीवर बसले. पोरीचं डोकं टेबलाच्या पायाला आपटत होतं, तिथे माझा तळहात ठेवला. तिचा हात खाली पडलेल्या एका पेनाकडे गेला, तो धरला. "फेकू देणार नाही. मी इथे आहे." एवढंच. पुढे एक शब्द नाही. मोठ्या बाई वरून बोलत होत्या, लाड, शिस्त, आजकालच्या आया. माझे कान तापले होते. बोला, म्हटलं मनात, हवं तेवढं बोला, मी उठणार नाही.

रडं हळूहळू उतरलं. आधी पाय थांबले, मग श्वास लांब झाला. मग मी तिच्या कानाशी विचारलं, "सगळे बघत होते म्हणून लाज वाटली?" तिने मान डोलावली. आम्ही दोघींनी पेनं गोळा केली. डबा तिने स्वतः टेबलावर ठेवला.

"हे असं पुन्हा झालं तर?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"होईलच," मी म्हटलं. "चार वर्षांची आहे. पुन्हा रडेल, कदाचित पुन्हा हातही उचलेल. मी दर वेळी तो हात धरीन. पण पाठ केलेली माफी मी तिच्या तोंडातून काढणार नाही. काढून टाकायचं असेल तर टाका. हे मला तुमच्याच हॉलमध्ये त्या समुपदेशक बाईंनी शिकवलंय."

सासूबाईंनी माझा दंड धरला. मला वाटलं आवरायला धरला. पण त्या मोठ्या बाईंकडे बघत आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "मुंगीचं मीच शिकवेल शे. पोरीले काय बोलू नका."

तेवढ्यात पोर माझ्या हातातून सुटली आणि दाराशी गेली. मावशींसमोर उभी राहिली. ट्यूब पुढे केली. "दुखलं?"

मावशी सवयीने हसल्या. "नाय गं बाळा. काय नाय झालं."

पोर हलेना. तिला आता मोठ्यांचं काय खरं आणि काय खोटं याची शंका होती. मी म्हटलं, "मावशी, तिला खरं सांगा. तिला झेपेल."

मावशींनी पदर बाजूला केला. दातांची खूण निळी पडली होती. "दुखलं," त्या म्हणाल्या. "लय दुखलं." आणि मग त्यांचा आवाजच फुटला. "रागही आला मला. एवढं करते तुमच्यासाठी. घरी जाऊन रडले मी."

पोर त्या हाताकडे बघत राहिली. कोणीही न सांगता तिचे डोळे भरले. "मी चावले," ती म्हणाली. "मला वाईट वाटतं." तिने ट्यूबचं झाकण उघडायचा प्रयत्न केला, ते उघडेना, मग मावशींनीच उघडून दिलं. मावशी खाली बसल्या. पोरीने मलम भसकन जास्त काढलं आणि एका बोटाने लावत राहिली.

मोठ्या बाई खुर्चीतून उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि वाकून तो हात बघायला लागल्या. कालपासून त्यांनी मला फोन केला होता, नियम सांगितले होते, माफीची अट घातली होती.

"मावशी," त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, "फार दुखतंय का हो?"

"आता कमी हाय," मावशी म्हणाल्या, आणि पोरीला वर्गात घेऊन गेल्या.