तीन जोड बूट आणि तीनशे रुपये

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला पंधरा दिवस होते आणि माझ्याकडे बूट नव्हते. पांढरकवड्यात आम्ही तिघी एका खोलीत राहून तयारी करत होतो. एक झरीकडची, दुसरी माझ्याच गावची, पहिलीपासूनची मैत्रीण. ते बोंडअळीचं वर्ष होतं. पहिल्या वेचणीचा कापूस विकून बाबांनी हजार रुपये पाठवले आणि आता याच्यावर मागू नको म्हणाले.

ऑनलाइन बाराशेचे बूट होते. तीन जोड एकत्र घेतले तर कूपनवर नऊशे रुपये सूट. गावात तीन घरं मिळून भाड्याची गाडी करतात, तशी आम्ही मिळून ऑर्डर केली. प्रत्येकीने नऊशे काढले, मिळून सत्तावीसशे माझ्या खात्यातून भरले. हुशारी माझीच होती, तिचा तोराही मीच मिरवला.

बूट आले त्याच संध्याकाळी त्या दोघी मैदानावर पळून आल्या. माझे मात्र टाचेपर्यंत जाईनात. मी आजवर चुलतभावाचे जुने बूट आतली गादी काढून, पार फाटेपर्यंत वापरले होते आणि त्यांचाच नंबर टाकला होता. एक नंबर मोठा हवा होता. बदलून घ्यायला गेले तर तो नंबर संपलेला. मग रिटर्न टाकलं. स्क्रीनवर काय काय लिहून आलं, ते न वाचता पुढे पुढे दाबत गेले. नऊशे परत येतील आणि बाजारातून दुसरे बूट आणू, एवढंच डोक्यात होतं.

डिलिव्हरीवाला बूट घेऊन गेला आणि दोन दिवसांनी मेसेज आला. परतावा तीनशे रुपये.

मी कंपनीला फोन लावला. तिकडची बाई शांतपणे म्हणाली, "मॅडम, कूपन तीन वस्तूंवर होतं. आता दोनच राहिल्या, त्यामुळे कूपन रद्द झालं. त्या दोन जोडांची पूर्ण किंमत चोवीसशे. तुम्ही भरले सत्तावीसशे. उरले तीनशे. रिटर्न करताना ही रक्कम दाखवली होती."

"मग रिटर्न रद्द करा," मी म्हणाले.

"वस्तू परत आलेली आहे, मॅडम. बाकीचे दोन्ही जोडही परत केले, तर पूर्ण पैसे मिळतील. पण ते वापरलेले नकोत."

दोन्ही जोडांच्या तळव्यांना मैदानाची लाल माती लागलेली होती. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

बाहेर येऊन दोघींना सरळ म्हणाले, "तुमची सूट गेली, पण कापले माह्या पैशातून. तीनशे तीनशे द्या."

झरीकडची स्टोव्ह पेटवायला उठली. मैत्रीण म्हणाली, "नंबर तुहा चुकला. मी कायले देऊ? अन् माह्याजवळ हायेत कुठं?"

"तुह्या पायात माहे पैसे हायेत," मी ओरडले, "ध्यानात ठेव!"

तिचा चेहरा एवढासा झाला. तिच्याही घरी तोच कापूस होता, हे मला ठाऊक होतं. तरी बोलले. नंतर सहा दिवस आम्ही तिघी एकाच स्टोव्हवर स्वयंपाक करत होतो आणि मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. उरलेल्या चारशेत धड बूट मिळेनात.

यवतमाळच्या मैदानावर तिची तुकडी आधी धावली. आठशे मीटर संपवून ती धापा टाकत थेट माझ्याकडे आली, खाली बसली आणि लेस सोडू लागली.

"घे, घाल. तुही तुकडी धावाची हाये."

"मले नाही पाहिजे."

"अवं, पाय फुटतील. काहून असी करून राह्यली?"

"नाही पाहिजे म्हटलं ना!"

मी अनवाणी धावले. दुसऱ्या फेरीत खडी लागली, टाच फाटली. वेळ थोडक्यात हुकली, गुण कमी पडले. यादीत तिचं नाव आलं, माझं नाही. पुढच्या भरतीपर्यंत माझं वय उलटून गेलं.

ट्रेनिंगला जाताना ती पहाटेच्या एसटीने निघाली. मी जागीच होते, पण भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सकाळी दाराशी तिचे बूट दिसले, धुऊन वाळवलेले, आत वर्तमानपत्राचे बोळे भरलेले.

मी बोळे काढले आणि एक बूट पायात घातला. तो मला अगदी बरोबर बसला.