हॅलोनंतरचा श्वास

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. वर्कशॉपच्या कोपऱ्यात लोखंडाचा कीस साचतो, तसे ते साचतात. झाडायला गेलं की बोटाला टोचतात. त्यातून आमचे किस्से फोनचे. हल्ली मोबाइलवर आधी नाव दिसतं, मग आवाज येतो. नव्वदच्या दशकात फोन उचलणं म्हणजे अंधाऱ्या बिळात हात घालणं होतं. ससा निघेल की साप, ते "हॅलो" म्हटल्यावर कळायचं.

सातपूरच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. खोलीत आम्ही तिघं. मी, मखमलाबादचा पिंगळे, ज्याच्या घरी फुलांचा मळा होता, आणि सटाण्याकडचा भामरे. चौथ्या वैद्य मॅडम. त्या पुढच्या ऑफिसात टेलिफोनच्या बोर्डावर बसायच्या, पण आमच्यातल्याच.

आमच्या खोलीत कोणी हॅलो म्हटलं की सरळ उत्तर देणं कमीपणाचं समजत. पिंगळे म्हणायचा, "हॅलो, स्मशानभूमी, बोला." भामरे म्हणायचा, "चुकीचा नंबर, पण माणूस बरोबर आहे." पलीकडचा हसला की मग काम.

याला शिस्त होती बरं का. कारखान्यातल्या कारखान्यात फोन आला तर घंटी एकेरी वाजे. बाहेरचा आला तर जोडघंटी. एकेरीला विनोद चाले, जोडघंटीला नाही. मॅडम बाहेरचा फोन जोडण्याआधी "सभ्य व्हा रे, बाहेरचा आहे" असं बजावतही. फक्त जेवणाच्या सुट्टीत त्या बोर्ड 'नाईट'वर टाकून डबा खायला जात. मग बाहेरचे फोन थेट आमच्याकडे वाजत. त्या वेळी आम्हाला मात्र बाहेर फोन लावता येत नसे. ती किल्ली मॅडमच्या पर्समध्ये.

*

आमचे मॅनेजर भारी कडक. माणूस हसला तर त्याचा हाफ डे लागेल, असा चेहरा. एकदा एकेरी घंटी वाजली आणि पिंगळेनं विचार न करता ठोकलं, "हॅलो, स्मशानभूमी, बोला."

मग मॅनेजरांचा आवाज, "कोपऱ्यातली जागा राखून ठेवा. उद्या दिल्लीचे साहेब येतायत."

पिंगळे फोन ठेवून खुर्चीत बसला तो उठेचना. म्हणाला, साहेब हसले असते तर बरं होतं, ते गंभीरपणे बुकिंग करत होते. पण त्या दिवसापासून साहेबांचा फोन आला की ते स्वतःच विचारायचे, "काय, जागा आहे ना?" पलीकडच्यानं चेंडू परत टोलवला, की समजावं विनोद पोचला. न टोलवता नुसता झेलून खिशात टाकला, तर पुढच्या वेळी गप्प राहावं.

*

दुसरा किस्सा हसण्याचा नाही. घंटी एकेरीच होती. पिंगळेनं उचललं, पलीकडून "हॅलो, हॅलो" असं दोनदा, खोलीभर ऐकू जाईल असं आलं, आणि ह्यानं सवयीनं स्मशानभूमी सुरू केली. वाक्य पुरं होईपर्यंत पलीकडचा माणूस थांबला. तो प्रेस मशीनवरचा होता. एकाची बाही मशीनमध्ये ओढली जात होती आणि त्याला आमच्या खोलीतला मेन स्विच बंद करून हवा होता.

भामरे त्या दोन हॅलोंवरूनच स्विचकडे धावला होता, म्हणून बाहीच गेली, हात राहिला.

संध्याकाळी मॅडम आमच्या खोलीत आल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "फोन उचलल्यावर आधी श्वास ऐकायचा. धावत आलेल्याचा श्वास तुटका असतो. रडून आलेल्याचा ओला असतो. घाबरलेला माणूस हॅलो दोनदा म्हणतो, कारण पहिलं त्याला स्वतःलाच ऐकू येत नाही. ह्यातलं काही नसेल, तर करा काय माकडचाळे करायचे ते."

मी विचारलं, "मॅडम, आणि श्वासच ऐकू आला नाही तर?"

त्या म्हणाल्या, "तर फोन ठेवून द्या."

*

त्या असं का म्हणाल्या, ते पेंट शॉपच्या वेळी कळलं. कारखान्याचा तो रंगकामाचा भाग बंद करून कुलूप लावलेलं होतं. एका दुपारी एकेरी घंटी; बोर्डावर दिवा तिथल्या नंबराचा लागला होता, हे मॅडमनी मागून सांगितलं. पिंगळेनं उचललं. श्वास बिस काही नाही, नुसती पोकळी. भामरे खुणेनं ठेव ठेव म्हणत होता. पण पिंगळे तो पिंगळे. म्हणाला, "हॅलो, आत जागा नाही, बाहेर थांबा."

पलीकडे कोणीतरी हसलं. अगदी योग्य जागी, योग्य तेवढं.

आम्ही किल्ली आणून कुलूप उघडलं. धुळीत आमच्याशिवाय कुणाचं पाऊल नाही. फोन भिंतीवर होता, वायर उंदरांनी केव्हाच कुरतडून खाली पाडलेली. माझी बायको म्हणते मी हे रंगवून सांगतो. बरोबर आहे तिचं. पण रंग मी नंतर लावला, भिंत तिथे होतीच.

*

पिंगळेचं स्मशान बंद कसं पडलं, तेही ऐका. जेवणाची सुट्टी, बोर्ड नाईटवर, जोडघंटी. नियमाप्रमाणे सभ्य व्हायला हवं होतं. पण तोंडात भाकरी, हात सवयीचा, "हॅलो, स्मशानभूमी, बोला."

पलीकडे एक म्हातारे गृहस्थ. स्वच्छ, शांत आवाज. "बरं झालं बाबा, लागला एकदाचा. चौघं जण निघालेत. लाकडं जरा सुकी बघून ठेवा, पावसापाण्याचे दिवस आहेत."

आता नंबर चुकला म्हणायचं तरी कसं? पिंगळेनं भाकरी तशीच गिळली. आदबीनं विचारलं, "आजोबा, कोणाला आणतायत?"

"मलाच," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

पिंगळे त्यानंतर आयुष्यभर "हॅलो, पिंगळे बोलतोय" एवढंच म्हणाला. ते सुद्धा उभं राहून.

*

आता भामरेचं.

त्याचा धाकटा भाऊ संजू. बापाचा ट्रॅक्टर त्यानं शेजाऱ्याच्या विहिरीत घातला. स्वतः उडी मारून वाचला, ट्रॅक्टर गेला. भामरे गावी गेला आणि सगळ्या गल्लीसमोर त्याला म्हणाला, "परत तोंड दाखवू नकोस." मोठे भाऊ असं बोलतात. धाकटे ते ऐकत नाहीत, अशी जगरहाटी. संजूनं ऐकलं. त्याच संध्याकाळी कपड्यांची पिशवी घेऊन निघून गेला. पावसाळा गेला, दिवाळी गेली, पुढचा पावसाळा आला, पत्ता नाही. आई दोन्ही पोरांची ताटं वाढून बसायची आणि भामरे गावी गेला की त्याच्याशी बोलायची नाही.

त्या पावसाळ्यात जेवणाच्या सुट्टीत फोन येऊ लागले. जोडघंटी. भामरे हॅलो म्हणायचा. पलीकडे कोणी बोलत नसे, पण श्वास असायचा. भामरेचा चेहरा पांढरा पडायचा. "संजू, तू शे का?" तूच आहेस का, असं तो आपल्या अहिराणीत विचारायचा, की फोन कट. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. विचारलं की कट.

आमच्यात वाद पडला. पिंगळे म्हणाला, गंभीर बोलू नकोस, तो घाबरतो, पहिल्यासारखी मस्करी कर. मी म्हणालो, पोरगं कुठे उपाशी असेल आणि हा मस्करी करणार, तर ते कायमचं तुटेल. शेवटी मॅडमना विचारलं.

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. म्हणाल्या, "रुसलेला माणूस बोलायला फोन करत नाही. घरचा रागाचा सूर उतरलाय का, ते बघायला करतो. सूर उतरला असेल तर विनोदानं उतरल्याचं कळतं. पण श्वास ओला असेल तर विनोद करू नका, नुसतं 'ऐकतोय' म्हणा. आणि विनोद केलातच, तर त्याच्यावर नको. स्वतःवर करा. ज्याच्याकडून चुकलं त्यानं स्वतःलाच हसायचं असतं, तेव्हा समोरच्याला हसता येतं."

दुसऱ्या दिवशी मॅडम जेवायला त्यांच्या टेबलावर गेल्याच नाहीत. बोर्ड नाईटवर टाकून डबा घेऊन आमच्या खोलीत आल्या. जोडघंटी वाजली. भामरेनं उचललं. हॅलो म्हणाला आणि थांबला. बराच वेळ ऐकत राहिला. आम्हाला पंख्याचा आवाज नकोसा झाला, तो मी बंद केला.

मग भामरे म्हणाला, "तोंड दाखवू नको म्हटलं होतं. आवाजाचं काही बोललो नव्हतो. एवढं सुद्धा नीट सांगता येत नाही तुझ्या भावाला."

भामरेनं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

आणि मग रिसीव्हरमधून हसू आलं, आम्हा सगळ्यांना ऐकू येईल एवढं. संजूच तो. "दादा, तू काही सुधरणार नाहीस," म्हणाला. भामरेच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण त्यानं आवाजात ते येऊ दिलं नाही. संजू म्हणाला, "येणार असशील तर स्वेटर घेऊन ये. इगतपुरीला पाऊस उघडतच नाही. स्टेशनसमोर ये, मी दिसेनच."

मॅनेजरांनी स्वतःची जीप दिली. मी आणि पिंगळेही गेलो. इगतपुरीत धुकं इतकं, की स्टेशनसमोर उभं राहून स्टेशन दिसेना. हॉटेल दिसलं. संजू भट्टीपाशी भजी तळत होता. भावाला बघून झारा टाकून आला आणि पाया पडला. भामरेनं त्याला उठवून स्वेटर घातला. स्वतः बटणं लावली, एक चुकलं ते पुन्हा लावलं.

मग चहा घेताना त्याला मॅडमचं तुटक्या आणि ओल्या श्वासाचं सगळं सांगून भामरे म्हणाला, "बरं झालं रोज फोन करत राहिलास. धीर सोडला नाहीस."

संजू हसला. "मी कुठे केला? तूच करायचास ना रोज."

भामरेनं कप खाली ठेवला; सुट्टीत आमच्या खोलीतून बाहेर फोन लागतच नसे.

"रोज दुपारी इथली घंटी वाजायची," संजू म्हणाला. "मी उचलायचो. मी बोलायच्या आधीच तू हॅलो म्हणायचास, माझं नाव घ्यायचास. मला वाटायचं, दादानं शोधून काढलंय, आता शिव्या देणार. म्हणून ठेवून द्यायचो. आज तू मस्करी केलीस म्हणून बोललो."

पिंगळे उठून गल्ल्यापाशी गेला. तिथे काळा फोन होता. त्याच्या डायलमध्ये पितळी कुलूप अडकवलेलं. मालक म्हणाला, किल्ली गावी राहिली, उन्हाळ्यापासून ह्याच्यावरून कोणीच फोन लावलेला नाही. येतात तेवढे घेतो.

आम्ही चौघं त्या फोनकडे बघत होतो, आणि तो वाजला.

कोणी हात लावेना. शेवटी संजूनंच उचलला, कानाला लावला, पण हॅलो म्हणाला नाही. थोडा वेळ ऐकत राहिला. मग रिसीव्हर भामरेसमोर धरला आणि हळूच म्हणाला,

"दादा, श्वास ओला आहे. काय बोलू?"